लबाड, गुलाम, मेलं

सकाळपासून फोरमननी एकदाही कुणाला लबाड म्हटलं नव्हतं, आणि त्यामुळे घरात कुणालाच चैन पडत नव्हतं.

छापखाना सुटून अठरा वर्षं झाली, तरी आतबाहेर सगळे त्यांना फोरमनच म्हणत. वीस माणसांवर आवाज चढवण्यात हयात गेलेली, त्यामुळे घरातल्या निर्जीव वस्तूसुद्धा त्यांच्या तोंडातून सुटत नसत. अडकलेली कडी 'भामटी' असे, गळका नळ 'रडका लेकाचा', आणि न सापडणारा चष्मा 'हरामखोर' असला तरी सापडल्यावर लगेच 'गुलाम' होई. आज दूध उतू गेलं, तर ते मुकाट्याने फडकं घेऊन ओटा पुसत होते. ते थोरली दारातून बघत होती.

थोरली म्हणजे त्यांची मुलगी. औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. आज रजा टाकून आली होती, आणि गोळ्यांच्या वेळा समजावून सांगाव्यात तशी बापाची उजळणी घेत होती.

"बाबा, पुन्हा एकदा. भिंगरी आत आली. तुम्ही काय म्हणणार?"

"ये बाळ."

"मग?"

"बस बाळ. कशी आहेस?"

"ती तुमच्या चष्म्याला हात लावेल. लावणारच. तेव्हा?"

फोरमनच्या जिभेवर 'चोरटे' आलं. त्यांनी ते गिळलं. "असं करू नये, बाळ."

"छान," थोरली म्हणाली. पण तिचा चेहरा छान झाला नाही.

खिडकीशी धाकटा उभा होता. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. एरवी हाताला ग्रीस असायचं, आज इस्त्रीचा शर्ट होता. "मी सरळ सांगणार आहे," तो म्हणाला, "ते रेकॉर्डिंग कापून जोडलेलं आहे. बाबा असलं बोलतच नाहीत."

"तू गप्प बस रे," थोरली म्हणाली. "खोटं पकडलं गेलं तर होत्याचं नव्हतं होईल."

"आणि खरं बोललो तर काय होणार आहे?"

आठ महिन्यांपूर्वी धाकटा आणि त्याची बायको वेगळे झाले. त्यांची सहा वर्षांची भिंगरी आईकडे राहिली, पण दर शनिवारी आजोबांकडे यायची. कोर्टाकचेरीत एवढी एकच गोष्ट दोघांनी न भांडता ठरवली होती. मग एक दिवस शाळेत भिंगरीने शेजारच्या मुलीला खोडरबर न दिल्याबद्दल 'मर मेले' म्हटलं. शाळेचा फोन आईला गेला. पुढच्या शनिवारी आईने आपला फोन रेकॉर्डिंग चालू करून मुलीच्या दप्तरात ठेवून दिला. संध्याकाळी तिने ते सगळं ऐकलं, मुलीला पाठवणं बंद केलं, आणि त्याला आता पाच आठवडे झाले होते. पाच शनिवार फोरमन दुपारी दार किलकिलं ठेवून बसले होते.

आज समुपदेशन केंद्राची बाई आजोबा आणि नात यांना एकत्र बघणार होती. ती जो अहवाल देईल, त्यावर पुढचे शनिवार ठरणार होते.

केंद्राची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. बुटकं टेबल, त्याच्या बेताच्या चार खुर्च्या, रंगीत ठोकळ्यांनी भरलेला डबा, आणि एका भिंतीला मोठी काच. काचेपलीकडे थोरली, धाकटा आणि सून बसले होते. तिघं तीन टोकांना. समुपदेशक बाई पस्तिशीची असेल. ती कोपऱ्यात वही घेऊन बसली आणि म्हणाली, "माझ्याकडे लक्ष देऊ नका, आजोबा. घरी असता तसे असा."

फोरमन लहान मुलांच्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. घरच्यासारखं असायला त्यांना सकाळपासून बंदी होती, हे या बाईला कोण सांगणार?

दार उघडलं आणि भिंगरी आत आली. पाच आठवड्यांत एक दात पडला होता. ती धावत निघाली, आणि मधेच थबकली. कारण आजोबा म्हणाले होते, "ये बाळ."

"बस बाळ. कशी आहेस?"

भिंगरी बसली नाही. तिने आजोबांकडे नीट निरखून पाहिलं. मग हळूच त्यांच्या खिशातला चष्मा काढला आणि स्वतःच्या नाकावर चढवला. ती वाट बघत होती. आता 'अगं चोरटे' येईल, आता मान धरल्यासारखं करून गुदगुल्या होतील.

"असं करू नये, बाळ," फोरमन म्हणाले.

चष्मा तिने टेबलावर ठेवला. मग ठोकळ्यांचा डबा ओढला आणि एक ठोकळा मुद्दाम खाली पाडला. आजोबांकडे बघितलं. दुसरा पाडला. तिसरा पाडला. फोरमनना कळत होतं ती काय करते आहे. विहिरीत खडा टाकून पाण्याचा आवाज ऐकावा, तसं चाललं होतं, आणि त्यांच्याकडून आवाजच येत नव्हता. काचेपलीकडे थोरली ओठांवर बोट ठेवून उभी राहिली होती. शेवटी भिंगरीने अख्खा डबा उपडा केला. खोलीभर ठोकळे घरंगळले.

"आपण ते गोळा करू हं, बाळ," फोरमन म्हणाले. त्यांचा स्वतःचा आवाज त्यांना परका वाटला.

भिंगरी रिकामा डबा हातात घेऊन उभी राहिली. "आजोबा, मी परत नाही बोलणार शाळेत. शप्पथ. तुम्ही किती दिवस रागवणार आहात?"

"मी कुठे रागावलोय?"

"मग बाळ काय म्हणता?" ती म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं. तोंड उघडून, आवाज न काढता, अंग गदगदून येणारं.

समुपदेशक बाईची लेखणी चालू लागली. फोरमननी ती पाहिली. आजोबांसमोर मूल रडतं. बस्स, लिहिलं गेलं. आता उरलं काय? सकाळपासून अडवून धरलेलं सगळं एकदम वर आलं.

"अगं ए गधडे! रडतेस काय शेंबूड गाळत? लुच्ची कुठली! अख्खा डबा उलथलास, आणि गोळा करताना रडू आलं होय? थांब, तंगडं मोडून गळ्यातच बांधतो तुझ्या. इकडे ये आधी. ये म्हणतो ना, द्वाड कार्टं मेलं!"

ती त्यांच्या अंगावर इतक्या जोरात येऊन आदळली की ती बुटकी खुर्ची कलंडली आणि दोघंही ठोकळ्यांत पडले. भिंगरीने त्यांच्या शर्टाला नाक पुसलं. "दात पडला," ती म्हणाली. "बघा."

"गिळलास की काय, भामटे?"

"नाही! डबीत ठेवलाय."

काचेपलीकडे थोरलीने डोक्याला हात लावला होता.

भिंगरीला शेजारच्या खोलीत मदतनीस बाईंकडे चित्रं काढायला बसवल्यावर मोठी माणसं टेबलाभोवती जमली. समुपदेशक बाईने टाइप केलेला एक कागद पुढे सरकवला. दप्तरातल्या फोनने ऐकलेलं सगळं त्यावर उतरवलं होतं.

"हे तुमच्या आवाजातलं आहे, आजोबा?"

"ते कापून जोडलेलं आहे," धाकटा घाईने म्हणाला. "आत्ता झालं ते त्यांना टेन्शन आलं म्हणून. एरवी ते..."

"एरवीही मी असाच बोलतो," फोरमन म्हणाले. "शब्दन् शब्द माझा आहे."

"बाबा!" थोरली म्हणाली.

"तुम्ही दोघं मला वाचवायला बघता आहात, कळतंय मला. पण तिथे ती पोर बसली आहे. आजोबा खोटं बोलले हे तिला उद्या कळलं, तर त्याची भीती मला जास्त." त्यांनी टेबलावरचा चष्मा लावला आणि कागद हातात घेतला. जन्मभर मुद्रितं तपासलेली, तशीच बोट फिरवत ओळ वाचली. "लुच्चे. गधडे. गुलाम. तंगडं मोडून गळ्यात बांधीन." त्यांनी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. "कागदावर वाईट दिसतं खरं."

सून इतका वेळ टेबलाच्या कडेकडे बघत होती. रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत ती काम करायची आणि बोलायची तेही मोजून. ती म्हणाली, "कागदावर आहे तेच तुम्ही बोललात."

"हो. पण तुमच्या टायपिस्टने एक चूक केली आहे." फोरमननी बोट ठेवलं. "इथे लिहिलंय, 'द्वाड मेली'. मी 'मेली' म्हणत नाही. 'मेलं' म्हणतो."

"त्याने काय फरक पडतो?" धाकट्याने वैतागून विचारलं.

समुपदेशक बाई मात्र पुढे झुकली. "सांगा ना."

"मेली म्हणजे एक बाई झाली. तिच्याशी भांडण असतं. मेलं म्हटलं की ते वासरू झालं, पिल्लू झालं. कार्टी म्हटलं तर टोचतं, कार्टं म्हटलं तर नाही. जिथे माया असते तिथे आपण न ती न तो म्हणतो, 'ते' म्हणतो. आणि मुलीला मुलाचं करतो. 'काय रे गुलामा' म्हणतो. गुलामी म्हणतं का कुणी?"

समुपदेशक बाईला हसू आलं. तिने ते दाबायचा प्रयत्न केला नाही. "लुच्चा हा शब्द मी माझ्या आजोबांनंतर आज ऐकला," ती म्हणाली. "खरं सांगू? राग वाटतच नाही त्यात. जुन्या फोटोसारखं वाटतं काहीतरी."

"वाटणारच. आता कुणाला खरंच घालून पाडून बोलायचं तर लुच्चा म्हणतं का कोणी? खाली रस्त्यावर दोन गाड्या घासल्या की काय ऐकू येतं, ते तुम्ही ऐकलंय. राग तिकडे गेला. हे शब्द म्हाताऱ्यांकडे उरले." बोलता बोलता फोरमनना बरं वाटू लागलं होतं. हा त्यांचा प्रांत होता. "पूर्वी यांना दात होते, बाई. बदमाश म्हणजे वाईट धंद्यावर पोट भरणारा. गुलाम म्हणजे विकत घेतलेला माणूस. मेला म्हणजे मेलेलाच. कुणी कुणाला तसं म्हटलं असेल तेव्हा रक्त सांडलं असेल. पण आमच्याकडे शिशाचे खिळे असायचे, अक्षरांचे. नवा खिळा कागदात रुततो, हात फिरवला तर मागून लागतो. लाखभर छपाई झाली की त्याची कड झिजते. अक्षर दिसतं, पण रुतत नाही. हे शब्द आईच्या, आज्याच्या, पणज्याच्या तोंडून इतक्या वेळा गेलेत की..."

"आणि धमकी?" सूनबाईने विचारलं. "तंगडं मोडण्याची?"

"कुणाचं तंगडं मोडून गळ्यात बांधता येतं का? जी करता येते ती धमकी मी देत नाही. खरा रागावलो तर एवढंच म्हणतो, बाळ, आज खेळायला जायचं नाही. हळू आवाजात. हा धाकटा आहे ना, याला विचारा. अकरा वर्षांचा असताना माझ्या खिशातून न विचारता गाडीची किल्ली घेऊन गेला होता. तेव्हा याला मी काय म्हटलं?"

धाकट्याने शर्टाची कॉलर सारखी केली. मग म्हणाला, "'बसा. आपल्याशी बोलायचं आहे.' मी दोन दिवस जेवलो नव्हतो."

खोलीत जरा सैल वाटलं. थोरलीने श्वास सोडला. जमलं, असं तिच्या चेहऱ्यावर आलं.

"त्या मुलीचे वडील वारले होते," सून म्हणाली.

"कुठल्या मुलीचे?"

"शाळेतल्या. भिंगरीच्या शेजारी बसते ती. तीन आठवडे झाले होते. भिंगरी तिला 'मर मेले' म्हणाली आणि ती घरी जाऊन आईला विचारत होती, मी पण मरणार का? चार दिवस ती शाळेत आली नाही. तिच्या आईचा मला फोन आला होता. मी काय सांगायला हवं होतं त्यांना? अक्षर झिजलेलं आहे म्हणून?"

फोरमनच्या हातातला कागद खाली आला. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मुलाने नाही, मुलीनेही नाही. दोघांकडे त्यांनी पाहिलं आणि दोघांनीही नजर चुकवली, तेव्हा त्यांना कळलं की या दोघांना माहीत होतं.

"तुम्हाला त्रास होईल म्हणून..." थोरली पुटपुटली.

फोरमननी चष्मा काढून टेबलावर ठेवला. इतका वेळ ते ऐटीत बोलत होते. शब्द झिजतो, पण कुणाच्या हातात? ज्याने तो जन्मभर ऐकला त्याच्या. ज्या पोरीने तो घरात कधी ऐकलाच नाही, तिच्यासाठी तो कालच ओतलेला खिळा. नवाकोरा. तिच्या घरी तर त्या शब्दाचा अर्थ खरा झालेला.

"चुकलं," ते म्हणाले. "तिचं नाही, माझं. मी पोरीला शब्द दिले, पण कुठे वापरायचे ते नाही सांगितलं. हे वरून खालीच जातात. म्हाताऱ्याकडून पोराकडे, आणि तेही आपल्याच. बरोबरीच्याला म्हटलं की शिवी होते. परक्याला म्हटलं की मारामारी." ते समुपदेशक बाईकडे वळले. "लिहा तुम्ही. त्या मुलीच्या आईला मी भेटेन. त्यांची इच्छा असेल तर. आणि भिंगरीला मी बसवून सांगेन. बाळ म्हणूनच सांगेन."

समुपदेशक बाई बराच वेळ लिहीत होती. मग तिने वही मिटली. अहवालाला पंधरा दिवस लागतील, ती म्हणाली, आणि शेवटचा शब्द वरच्यांचा. पण तोवर शनिवार थांबवायचं काही कारण तिला दिसत नव्हतं. "आईंची हरकत नसेल तर."

सगळ्यांनी सुनेकडे पाहिलं.

"मी शनिवार कायमचे बंद करायला आलेच नव्हते," ती म्हणाली. "ऐकलं ना ते रेकॉर्डिंग मी. तीनदा ऐकलं. पहिल्यांदा भीती वाटली. तिसऱ्यांदा..." तिने टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. "आठ वर्षं त्या घरात होते. वस्तूंनासुद्धा तुम्ही काहीबाही म्हणता. शेजारच्या मांजराला गुलाम म्हणता. मला कधीच काही म्हणाला नाहीत. 'आपण जेवलात का.' 'आपल्याला उशीर होईल का.' माझ्या हातून तुमचा चहाचा मोठा थर्मास फुटला होता, तेव्हा म्हणालात, 'असू द्या, आपल्याला लागलं नाही ना?' आत्ता तुम्हीच सांगितलंत, खरे रागावता तेव्हा कसं बोलता ते. मग आठ वर्षं तुम्ही माझ्यावर रागावलेले होतात का?"

"नाही हो!" फोरमन म्हणाले, आणि तो 'हो' त्यांच्याच कानाला लागला. "तुम्ही शिकलेल्या. दुसऱ्याच्या घरून आलेल्या. मी तुम्हाला मान देत होतो."

"मला तो पाहुणीचा वाटायचा."

धाकटा बायकोकडे बघत राहिला. हे त्यालाही नवं होतं.

चौघं भिंगरीला घेऊन खाली उतरली, तेव्हा ऊन कडक होतं. बसथांब्यावर सावली एकच, वीतभर. थोरलीने बापाला सावलीत उभं केलं आणि भिंगरीला पाणी दिलं. फोरमन सुनेच्या बाजूला सरकले. त्यांनी एकदा घसा खाकरला. दुसऱ्यांदा खाकरला. वीस माणसांना दिवसभर पुरतील इतके शब्द ज्यांच्या जिभेवर असायचे, त्यांना एक सापडेना. लबाड? तिने लबाडी केलेली नव्हती. वेडी? काहीतरीच.

"येत नाही," शेवटी ते म्हणाले.

"मागून नकोच आहे मला," सून म्हणाली. "मागून मिळतं का ते?"

"नाही मिळत. त्याला आधी चिडावं लागतं माणसावर. मी तुमच्यावर कधी चिडलोच नाही. तेवढं जवळ जायला हवं होतं."

"मग आता चिडा. पाच आठवडे नात दाखवली नाही मी. कारण पुरेसं आहे."

फोरमन रस्त्याकडे बघत राहिले. बोलले तेव्हा आवाज घोगरा होता. "फोन दप्तरात लपवलास ते मला आवडलं नाही. अजिबात नाही. माझ्यावर पाळत ठेवायची होती तर समोर बसून ठेवायचीस. लहान पोरीच्या पाठीवर ती जोखीम दिलीस. तिला कळलं असतं तर?"

"बाबा, आता कशाला..." थोरली धावत आली.

"थांब तू. मी हिच्याशी बोलतोय."

"समोर बसून विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात?" सुनेचा आवाज चढला. "'आपण चहा घेणार का' म्हणाला असतात! शाळेचा फोन मला आला होता. तुमच्या मुलाला केला, त्याने उचलला नाही. कुणाला विचारायचं होतं मी?"

"मला! घर माहीत नव्हतं का? दार उघडं असतं माझं!"

"मला कुठे माहीत होतं उघडं असतं ते!"

बस आली, थांबली. कंडक्टरने हात हलवला. कुणी हललं नाही, तशी बस निघून गेली. धाकट्याने बहिणीकडे पाहिलं. ती मधे पडायला निघाली होती, पण त्याने तिचा दंड धरला. भिंगरी पाण्याची बाटली छातीशी धरून एकदा आईकडे, एकदा आजोबांकडे बघत होती. तिच्या कपाळावर आठी नव्हती. आजोबा पहिल्यांदाच आईला 'तू' म्हणत होते, दोघंही एकदमच बोलत होती, आणि पुढची बस वीस मिनिटांनी होती.